पूर्ण जाडीची फाट म्हणजे तुटलेला खांदा नव्हे

खांद्याच्या एमआरआयचा रिपोर्ट हाती पडला की घरातले सगळे आधी शेवटचे चार ओळींचे ‘इम्प्रेशन’ वाचतात, आणि त्यातल्या एकाच शब्दावर अडकतात: ‘टेअर’. फाटले आहे म्हणजे शिवावे लागणार, शिवायचे म्हणजे ऑपरेशन, आणि तेही लवकर, असा हिशेब डॉक्टरांची गाठ पडायच्या आत होऊन जातो. शेजारी ‘पार्शल थिकनेस’ लिहिले असेल तर जीव थोडा भांड्यात पडतो, ‘फुल थिकनेस’ असेल तर हात कायमचा गेला असे वाटू लागते. या दोन शब्दांचा खरा अर्थ या समजुतींपेक्षा बराच वेगळा आहे. तो एकदा नीट समजला की रिपोर्ट वाचायची भीती कमी होते, आणि खरोखर घाई कधी करायची हेही कळते.

नमुन्यादाखल एक रिपोर्ट घेऊ. ५६ वर्षांच्या एक शाळाशिक्षिका आहेत. चार महिन्यांपासून उजवा खांदा दुखतो. पडल्या-आपटल्याचे काही आठवत नाही. फळ्याच्या वरच्या भागावर लिहिताना, दोरीवर कपडे वाळत घालताना कळ येते, आणि रात्री उजव्या कुशीवर झोपता येत नाही. त्यांच्या रिपोर्टमध्ये असे लिहिले आहे: सुप्रास्पायनेटस टेंडनमध्ये आर्टिक्युलर सरफेसवर पार्शल थिकनेस टेअर, जाडीच्या सुमारे चाळीस टक्के, टेंडिनोसिस, टाइप टू ॲक्रोमियन, सबॲक्रोमियल बर्सामध्ये किंचित द्रव, स्नायूत फॅटी ॲट्रोफी नाही, सबॲक्रोमियल इम्पिंजमेंटची शक्यता, क्लिनिकल कोरिलेशन करावे. अशा मजकुराचे रिपोर्ट पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांच्या घरी मिळतील. आता यातला एकेक शब्द सोडवू.

चार स्नायू आणि एक अरुंद जागा

खांद्याचा सांधा शरीरात सर्वांत जास्त फिरणारा आहे. दंडाच्या हाडाचे गोल डोके फऱ्याच्या हाडावरच्या एका उथळ खोबणीला टेकलेले असते. खोबण इतकी उथळ आहे की हाडांच्या आधारावर ते डोके जागेवर राहूच शकत नाही. ते काम चार स्नायू करतात: वर सुप्रास्पायनेटस, मागे इन्फ्रास्पायनेटस आणि टेरिस मायनर, पुढे सबस्कॅप्युलॅरिस. चौघेही फऱ्याच्या हाडावरून निघतात आणि त्यांच्या टोकाच्या चिवट कंडरा, म्हणजेच टेंडन, दंडाच्या हाडाच्या डोक्याभोवती चिकटतात. या चौघांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. हात वर उचलताना बाहेरचा मोठा डेल्टॉइड स्नायू दंडाचे हाड वर ओढू पाहतो. त्याच वेळी कफ ते डोके खोबणीत दाबून धरतो, म्हणून हात सुरळीत वर जातो.

सर्वांत जास्त फाटते ती सुप्रास्पायनेटसची कंडरा. ती जिथून जाते तिथे वरच्या बाजूला फऱ्याच्या हाडाचा पुढे आलेला भाग असतो, त्याला ॲक्रोमियन म्हणतात. हाड आणि कंडरा यांच्यामध्ये बर्सा नावाची पातळ, ओलसर पिशवी असते, म्हणजे कंडरा हाडाखालून सहज सरकावी. म्हणून या कंडरेला दोन बाजू आहेत. खालची सांध्याकडची बाजू ती ‘आर्टिक्युलर’, आणि वरची बर्साकडची बाजू ती ‘बर्सल’. रिपोर्टमधला निम्मा गोंधळ हे दोन शब्द कळले की मिटतो.

एमआरआयच्या चित्रात निरोगी कंडरा काळी दिसते. ज्या पद्धतीची चित्रे फाट शोधायला वापरतात त्यांत पाणी पांढरे उजळते. कंडरेच्या काळ्या पट्ट्यात कुठे राखाडी धूसरपणा आला असेल तर रेडिओलॉजिस्ट ‘टेंडिनोसिस’ लिहितो, म्हणजे कंडरेचे तंतू झिजून त्यांची घडण बिघडली आहे, पण ते तुटलेले नाहीत. पाण्याइतकी पांढरी रेघ कंडरेत शिरलेली दिसली की मग ‘टेअर’ म्हणतात. ती रेघ कुठून निघते आणि कुठे थांबते, यावर पुढची नावे ठरतात.

जाडी वेगळी, आकार वेगळा

पांढरी रेघ कंडरेच्या एका बाजूने आत शिरून मध्येच थांबली, दुसऱ्या बाजूपर्यंत पोहोचली नाही, तर ती ‘पार्शल थिकनेस’, म्हणजे अपुऱ्या जाडीची फाट. सांध्याकडून शिरली तर आर्टिक्युलर सरफेस, बर्साकडून शिरली तर बर्सल सरफेस. दोन्ही पृष्ठभाग शाबूत असून पोटातच फाट असेल तर ‘इंट्रासबस्टन्स’ किंवा ‘इंटरस्टिशियल’ म्हणतात. तिची खोली मिलिमीटरमध्ये किंवा टक्क्यांत देतात. हाडाला चिकटते तिथे ही कंडरा साधारण दहा-बारा मिलिमीटर जाड असते. त्यामुळे तीन मिलिमीटरपेक्षा कमी खोल फाट वरवरची, तीन ते सहा मिलिमीटरची मध्यम आणि सहाच्या पुढची म्हणजे निम्म्याहून अधिक जाडी गेलेली, असे तीन वर्ग पाडले जातात. शिक्षिकाबाईंच्या चाळीस टक्क्यांचा अर्थ असा, की खालच्या बाजूने तंतू तुटले आहेत आणि वरची निम्म्याहून अधिक जाडी टिकून आहे.

रेघ एका बाजूकडून थेट दुसऱ्या बाजूपर्यंत आरपार गेली, तर ती ‘फुल थिकनेस’. इथेच बहुतेकांची गफलत होते. जुन्या गोधडीला बोटभर भोक आरपार पडले तर त्या ठिकाणी तिचे सगळे थर गेलेले असतात, पण बाकीची गोधडी अखंड असते आणि अंगावर घेता येते. फुल थिकनेस टेअर तशीच आहे. तिथे जाडी पूर्ण गेलेली असते. रुंदी किती गेली हे त्या शब्दाने कळत नाही. ते समजायला रिपोर्टमध्ये पुढे दिलेला सेंटिमीटरचा आकडा पाहायचा. एक सेंटिमीटरच्या आतली फाट लहान, एक ते तीन मध्यम, तीन ते पाच मोठी आणि पाचच्या वर ‘मॅसिव्ह’. कंडरा संपूर्ण रुंदीत हाडापासून सुटली असेल तर रेडिओलॉजिस्ट सहसा ‘कम्प्लीट टेअर’ असे स्वतंत्रपणे लिहितो. एक सेंटिमीटरची आरपार फाट असलेला माणूस हात डोक्यावर सहज नेऊ शकतो, कारण भोवतालचे तंतू ताण वाहून नेत असतात.

फाट मोठी असेल तर आणखी दोन गोष्टी वाचायच्या. पहिली ‘रिट्रॅक्शन’. हाडापासून सुटलेले कंडरेचे टोक स्नायूच्या ओढीने आत सरकते. ते हाडाजवळच आहे, दंडाच्या डोक्याच्या माथ्यावर आहे, की खोबणीपर्यंत मागे गेले आहे, हे इथे कळते. दुसरी ‘फॅटी इन्फिल्ट्रेशन’ किंवा ‘फॅटी ॲट्रोफी’. कंडरा सुटल्यावर स्नायूला काम उरत नाही, तो बारीक होतो आणि त्याच्या तंतूंत चरबी भरते. तिचे शून्य ते चार असे टप्पे मोजतात. दुसऱ्या टप्प्यापर्यंत स्नायू चरबीपेक्षा जास्त असतो, तिसऱ्यात दोन्ही सारखे आणि चौथ्यात चरबी जास्त. कंडरा शिवून जोडता येते, पण स्नायूत भरलेली चरबी शिवल्यावरही फारशी मागे हटत नाही. म्हणून फाट शिवता येईल का आणि शिवून उपयोग होईल का, याचा अंदाज सर्जन याच दोन ओळींवरून बांधतो. शिक्षिकाबाईंच्या रिपोर्टमधली ‘फॅटी ॲट्रोफी नाही’ ही ओळ कुणी मोठ्याने वाचली नसेल, पण त्यांच्या दृष्टीने रिपोर्टमधली ती सर्वांत चांगली बातमी आहे.

इम्पिंजमेंट चित्रात दिसते का?

आता दुसरा अवघड शब्द. इम्पिंजमेंट म्हणजे हात वर करताना बर्सा आणि कंडरा वरच्या ॲक्रोमियन हाडाखाली चिमटणे. चार्ल्स नीअर या अमेरिकन सर्जनने १९७२ मध्ये ही कल्पना मांडली आणि त्यावर उपायही सांगितला: ॲक्रोमियनचा खालचा पुढचा भाग तासून जागा करून द्यायची. कफच्या बहुतेक फाटी या घासण्यामुळेच होतात, असे त्याचे मत होते. पुढे ॲक्रोमियनचे आकारही वर्गवारीत बसले: टाइप वन सपाट, टाइप टू वक्र, टाइप थ्री आकड्यासारखा खाली वळलेला. रिपोर्टमधला ‘टाइप टू’ तो हाच. वक्र ॲक्रोमियन हा कुणाचा आजार नाही. असंख्य लोकांचे हाड तसेच असते.

या कल्पनेला पुढे अडचणी आल्या. हाड वरून घासून कंडरा फाटत असेल, तर फाटीची सुरुवात वरच्या, बर्साकडच्या बाजूने व्हायला हवी. प्रत्यक्षात अपुऱ्या जाडीच्या फाटी जास्त करून खालच्या, सांध्याकडच्या बाजूने सुरू होतात, शिक्षिकाबाईंची झाली तशी. वय, कंडरेच्या आतली झीज, मधुमेह, धूम्रपान, अनुवंश यांचा वाटा मोठा असतो हे हळूहळू स्पष्ट झाले. ॲक्रोमियनच्या टोकाला वाढलेले हाडही पुष्कळदा कारण नसून वयाबरोबर आलेली खूण असते.

मग ब्रिटनमध्ये एक कसोटी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. खांद्याखाली चिमटल्याचे दुखणे असलेल्या ३१३ रुग्णांचे तीन गट केले. पहिल्या गटाचे हाड दुर्बिणीतून तासले. दुसऱ्या गटाला भूल देऊन दुर्बीण फक्त आत घालून पाहिली, हाडाला हात लावला नाही. तिसऱ्या गटावर काहीच शस्त्रक्रिया केली नाही. सहा महिन्यांनी पहिल्या दोन गटांत काही फरक निघाला नाही. तिसऱ्या गटापेक्षा ते किंचित बरे होते, पण रुग्णाला रोजच्या जगण्यात जाणवावा इतका तो फरक नव्हता. फिनलंडमधल्या अशाच अभ्यासातूनही हाड तासण्याचा वेगळा फायदा दिसला नाही. म्हणून रिपोर्टमध्ये नुसते इम्पिंजमेंट लिहिले आहे एवढ्या कारणावरून हाड तासून घेण्याचा सल्ला मिळाला, तर दुसरे मत जरूर घ्यावे.

शिवाय एमआरआयला या बाबतीत एक मर्यादा आहे. इम्पिंजमेंट हालचालीत होते, आणि एमआरआय होतो तेव्हा माणूस हात अंगालगत ठेवून निश्चल पडलेला असतो. चिमटणे चित्रात दिसत नाही. बर्सातला द्रव, टेंडिनोसिस, हाडाचा आकार अशी आजूबाजूची चिन्हे दिसतात. त्यांवरून रेडिओलॉजिस्ट ‘शक्यता’ लिहितो आणि ‘क्लिनिकल कोरिलेशन’ मागतो. तपासणाऱ्या डॉक्टरांनी हात हलवून, जोर लावून पाहून हे ताडून पाहावे, अशी ती सरळ विनंती असते.

न दुखणाऱ्या खांद्यांतल्या फाटी

ताडून पाहण्याची गरज का, याचे उत्तर अमेरिकेत १९९५ मध्ये झालेल्या एका अभ्यासात आहे. खांद्याची काहीही तक्रार नसलेल्या ९६ माणसांचे एमआरआय काढले. ३४ टक्क्यांच्या कफमध्ये फाट होती. साठी ओलांडलेल्यांत हे प्रमाण ५४ टक्के निघाले, आणि त्यांतल्या निम्म्याहून थोड्या अधिक फाटी आरपार होत्या. ही माणसे हात वर करत होती, कामे करत होती, आणि त्यांना आपल्या फाटीचा पत्ताही नव्हता. केस पांढरे होतात तशीच काही अंशी कंडराही झिजते. म्हणून साठीच्या माणसाच्या एमआरआयमध्ये फाट दिसली, तरी दुखणे त्या फाटीमुळेच आहे हे आपोआप सिद्ध होत नाही. ते दुखणे मानेतून उतरत असेल, वरच्या एसी सांध्यातले असेल, किंवा फ्रोझन शोल्डर असेल.

फ्रोझन शोल्डर वेगळा ओळखायची एक सोपी खूण आहे, आणि मधुमेह असलेल्यांनी ती लक्षात ठेवावी, कारण त्यांना हा त्रास अधिक होतो. त्यात सांध्याचे वेष्टन आक्रसते. तुम्ही स्वतः उचललात तरी हात वर जात नाही, आणि दुसऱ्याने उचलून धरला तरी अडतो. कफ फाटला असेल तर सहसा दुसऱ्याने हात धरून वर नेला की तो जातो. स्वतःच्या ताकदीने मात्र जात नाही किंवा दुखतो.

शिक्षिकाबाईंना तपासताना डॉक्टरांनी त्यांचा हात धरून वर नेला, तो पूर्ण गेला. म्हणजे सांधा जखडलेला नव्हता. त्यांनी स्वतः हात बाजूने उचलला तेव्हा साधारण ६० ते १२० अंशांच्या पट्ट्यात कळ आली, त्याच्या वर पुन्हा कमी झाली. ही कफच्या आणि बर्साच्या दुखण्याची ओळखीची खूण. मग डॉक्टरांनी वरून दाब देऊन हात टिकवायला सांगितला. दुखले, पण हात खाली पडला नाही. कोपर कमरेला टेकवून हात बाहेर फिरवण्याची ताकद दोन्ही बाजूंना सारखी होती. रिपोर्ट आणि खांदा, दोघांचे म्हणणे जुळले: कंडरा झिजली आहे, थोडी फाटली आहे, पण तिचे काम चालू आहे.

अशा खांद्याला आधी व्यायाम देतात, निदान बारा आठवडे. सुरुवातीला फळ्याच्या खालच्या भागावरच लिहायचे, दोरी खाली बांधायची, रात्री दंडाखाली उशी घ्यायची. मग फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली रबरी पट्टा ओढून कफचे आणि फऱ्याच्या हाडाभोवतीचे स्नायू हळूहळू बळकट करायचे. फाटलेले तंतू त्यामुळे सांधतातच असे नाही, पण उरलेले तंतू आणि शेजारचे स्नायू काम वाटून घेतात. रात्रीची झोपच उडाली असेल तर बर्सात स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात. त्याचा आराम तात्पुरता असतो, मधुमेहींची साखर काही दिवस वाढते, आणि वारंवार घेतल्यास कंडरा आणखी कमकुवत होऊ शकते. व्यायामाचा उपयोग अपुऱ्या जाडीच्या फाटीपुरता मर्यादित नाही. मार न लागता आरपार फाट झालेल्या चारशेहून अधिक रुग्णांना अमेरिकेत आधी फक्त व्यायाम दिला, तेव्हा दोन वर्षांत त्यांतल्या साधारण चौघांपैकी तिघांना शस्त्रक्रियेची गरज वाटली नाही.

याची दुसरी बाजूही आहे. आरपार फाट आपोआप भरून येत नाही आणि वर्षांगणिक वाढू शकते. म्हणून वय कमी असेल, काम अंगमेहनतीचे असेल, किंवा तीन-चार महिने नेटाने व्यायाम करूनही ताकद येत नसेल, तर शिवण्याचा विचार रास्त ठरतो. ऑपरेशन न करण्याचे ठरले तरी सहा महिने ते वर्षाने सोनोग्राफी करून फाट वाढली नाही ना, हे पाहत राहतात.

जिथे वाट पाहायची नाही

आता वेगळा खांदा पाहू. ५२ वर्षांचा माणूस पावसात स्कूटरवरून घसरून हातावर पडतो. एक्स-रेत हाड शाबूत दिसते. ‘मुका मार आहे’ असे सगळे म्हणतात. महिनाभर तेल-मालिश आणि शेक चालतो. दुखणे बरेच उतरते, पण हात खांद्याच्या वर जातच नाही. दुसऱ्या हाताने उचलून वर ठेवला तर सोडताक्षणी खाली पडतो. अशा माणसाचा एमआरआय काढला की अनेकदा दिसते ती मोठी आरपार फाट, टोक मागे सरकलेले आणि स्नायू अजून चांगला. पडण्याआधी हा खांदा धडधाकट होता. त्याची कंडरा एका झटक्यात सुटली आहे, आणि उरलेल्या तंतूंनी काम वाटून घ्यायला फारसे काही शिल्लक नाही. इथे व्यायामाची बारा आठवड्यांची वाट पाहणे चुकीचे ठरू शकते. पहिल्या काही आठवड्यांत कंडरा ओढून जागेवर आणता येते. महिने उलटले की ती आखडते, स्नायूत चरबी भरू लागते, आणि तेच ऑपरेशन अवघड व कमी फायद्याचे होते. दुर्बिणीतून हाडात छोटे अँकर बसवून त्यांच्या दोऱ्यांनी कंडरा पुन्हा बांधतात. नंतर साधारण चार ते सहा आठवडे हात झोळीत ठेवावा लागतो, आणि ताकदीची कामे सुरू व्हायला चार-सहा महिने जातात. चाळिशीनंतर खांदा निखळला आणि बसवल्यावरही हात उचलता येत नसेल, तिथेही कफ फाटल्याची शंका आधी घ्यायची असते.

दोन्ही रिपोर्टमध्ये ‘टेअर’ आहे. एकीला तीन महिने सबुरी हवी, दुसऱ्याला तीन आठवड्यांत सर्जन हवा. हा फरक फाटीच्या नावाने जितका ठरत नाही तितका वय, मार लागला होता का, आणि आज हातात ताकद किती आहे, या तीन गोष्टींनी ठरतो. म्हणून डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टबरोबर एमआरआयच्या फिल्म किंवा सीडी न्या, आणि हे प्रश्न विचारा: फाट किती जाडीची आणि किती सेंटिमीटरची आहे, टोक किती मागे गेले आहे, स्नायूत चरबी आहे का, आणि माझ्या हाताच्या ताकदीशी हे जुळते का? यांची उत्तरे मिळेपर्यंत ऑपरेशनची तारीख ठरवू नका. पण पडल्यानंतर हात स्वतःच्या बळाने वर जात नसेल, तर एक्स-रे चांगला आला म्हणून घरी बसू नका. त्याच आठवड्यात ऑर्थोपेडिक डॉक्टरांना खांदा दाखवा.